चित्र सर्वांत मोठे कुठून दिसते?

१४७१ साली न्यूरेंबर्गहून एरफुर्टच्या विद्यापीठातील क्रिस्टियान रोडर यांना एक पत्र गेले. ते लिहिले होते योहानेस म्युलर यांनी. पुढे ते रेजिओमोंटानस या नावाने ओळखले गेले. आकाशातील ग्रहांची गणिते करणारे आणि त्रिकोणमितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे असे हे गृहस्थ. पत्रात त्यांनी काही कूटप्रश्न घातले होते, त्यांतला एक दिसायला अगदी साधा होता. जमिनीपासून काही उंचीवर एक काठी सरळ उभी टांगली आहे. जमिनीवरच्या कोणत्या ठिकाणाहून ती सर्वांत लांब दिसेल?

एखादी गोष्ट जास्तीत जास्त किंवा कमीत कमी केव्हा होते, हे विचारणारे प्रश्न प्राचीन ग्रीकांनी हाताळले होते. त्यांच्यानंतर गणिताच्या इतिहासात त्या जातीचा पहिला प्रश्न म्हणून या काठीचे नाव घेतले जाते. असे प्रश्न सोडवण्याचे हुकमी साधन म्हणजे कॅल्क्युलस, आणि ते न्यूटन व लायब्निझ यांच्या हातून घडायला अजून दोनशे वर्षे होती. आज हाच प्रश्न कॅल्क्युलसच्या पाठ्यपुस्तकात कपडे बदलून भेटतो. काठीच्या जागी भिंतीवर उंच टांगलेले चित्र येते, जमिनीच्या जागी बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी येते, आणि विचारले जाते की भिंतीपासून किती अंतरावर उभे राहिले म्हणजे चित्र सर्वांत मोठे दिसेल.

‘मोठे दिसणे’ म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. डोळ्यापासून चित्राच्या वरच्या कडेपर्यंत एक रेघ मनात ओढा आणि खालच्या कडेपर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे चित्राने डोळ्यात व्यापलेली उभी जागा. त्याला आपण दृष्टिकोन न म्हणता दर्शनकोन म्हणू, म्हणजे मतांचा घोटाळा होणार नाही. चंद्र प्रचंड असूनही त्याचा दर्शनकोन जेमतेम अर्धा अंश असतो. हातात धरलेल्या पोस्टकार्डाचा त्याहून कितीतरी पट भरतो. आपल्याला हा कोन जास्तीत जास्त करायचा आहे.

उंच टांगलेल्या चित्राच्या बाबतीत दोन्ही टोकांना घोटाळा होतो. फार लांब गेलो तर चित्र लहान दिसते, हे सांगायला नको. पण भिंतीला अगदी चिकटून उभे राहिलो तरीही ते लहानच दिसते. मान पूर्ण वर करून बघितले की चित्र एका चपट्या पट्टीसारखे होते, कारण वरची आणि खालची दोन्ही कडा जवळजवळ डोक्यावर आलेल्या असतात आणि दोघींमध्ये कोन फारसा उरत नाही. दोन्ही टोकांना कोन लहान, म्हणजे मध्ये कुठेतरी तो सर्वांत मोठा असणार.

आता प्रत्यक्ष मापे घेऊ. चित्र ३ मीटर उंच आहे. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत आणि चित्राची खालची कडा अडीच मीटरवर. म्हणजे डोळ्यांच्या पातळीपासून मोजले तर खालची कडा १ मीटर वर आणि वरची कडा ४ मीटर वर. या दोन उंचींना a आणि b म्हणू, आणि भिंतीपासूनच्या अंतराला x.

दहावीच्या भूमितीत उन्नत कोन भेटतो. समोरच्या उंचीला अंतराने भागले की त्या कोनाचा टॅन मिळतो. आपल्याला मात्र उलट वाटेने जायचे आहे. उंची आणि अंतर माहीत आहे, कोन हवा आहे. गुणोत्तर देऊन कोन परत मिळवण्याच्या या उलट क्रियेला आर्कटॅन म्हणतात. वरच्या कडेचा उन्नत कोन b/x या गुणोत्तराचा आर्कटॅन, खालच्या कडेचा a/x चा आर्कटॅन, आणि आपला दर्शनकोन म्हणजे या दोघांची वजाबाकी:

θ = arctan(b/x) − arctan(a/x)

भिंतीपासून १ मीटरवर उभे राहिलो तर वरची कडा ७६ अंशांवर आणि खालची ४५ अंशांवर दिसते, दर्शनकोन ३१ अंश. दीड मीटरवर तो ३५.८ होतो. २ मीटरवर वरची कडा ६३.४ अंशांवर, खालची २६.६ अंशांवर आणि दर्शनकोन ३६.९. अडीच मीटरवर तो ३६.२ वर उतरतो, ३ मीटरवर ३४.७, ४ मीटरवर पुन्हा ३१, आणि ६ मीटरवर २४. शिखर २ मीटरच्या आसपास आहे हे आकड्यांवरूनच दिसते.

ते तिथेच का, हे वजाबाकीतच दडलेले आहे. भिंतीपासून मागे सरकू लागलो की दोन्ही कडांचे उन्नत कोन कमी होतात, पण सारख्या वेगाने नाही. १ मीटरवर उभे असताना दहा सेंटिमीटर मागे सरकले तर खालच्या कडेचा कोन सुमारे २.७ अंशांनी घटतो आणि वरच्या कडेचा सुमारे १.३ अंशांनी. खालची कडा भराभर खाली जाते, वरची रेंगाळते, म्हणून मधली फट रुंदावते. ४ मीटरवर परिस्थिती उलटी असते. तिथे दहा सेंटिमीटरला खालची कडा ०.३ अंशांनी उतरते आणि वरची ०.७ अंशांनी, म्हणून फट मिटत जाते. ज्या ठिकाणी दोन्ही कडा एकाच वेगाने उतरतात, तिथे फट क्षणभर ना वाढते ना घटते. तेच शिखर. कॅल्क्युलस करते ते एवढेच. वरच्या कडेचा उतरण्याचा वेग b/(x² + b²) आणि खालच्या कडेचा a/(x² + a²) असतो, हे दोन वेग सारखे मांडले आणि बेरीज-वजाबाकी उरकली की निघते:

x² = ab

आपल्या उदाहरणात १ आणि ४ चा गुणाकार ४, त्याचे वर्गमूळ २. म्हणजे २ मीटर. दहावीच्या पुस्तकातला ‘भूमितीमध्य’ तो हाच. डोळ्यांपासून वर मोजलेल्या दोन उंचींचा भूमितीमध्य काढा, तेवढ्या अंतरावर उभे राहा.

रेजिओमोंटानसच्या काळात वेग मांडण्याची ही सोय नव्हती, पण भूमितीने हेच उत्तर मिळते, आणि तेही एका वर्तुळात. चित्राची वरची आणि खालची कडा यांतून जाणारे एक वर्तुळ काढा, पण असे की ते डोळ्यांच्या पातळीच्या आडव्या रेषेला नेमके एका बिंदूत स्पर्श करील. त्या स्पर्शबिंदूवर उभे राहायचे. का, तर एकाच कंसात आंतरलिखित झालेले सर्व कोन सारखे असतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. चित्राच्या समोरच्या बाजूला वर्तुळावर कुठेही डोळा ठेवला तरी चित्र तेवढेच मोठे दिसणार. वर्तुळाच्या आत डोळा नेला तर कोन मोठा, बाहेर नेला तर लहान. पण आपला डोळा त्या आडव्या रेषेवरच फिरू शकतो, आणि ती रेषा वर्तुळाला फक्त एका ठिकाणी शिवते. तिच्यावरचा बाकीचा प्रत्येक बिंदू वर्तुळाच्या बाहेर आहे. म्हणून स्पर्शबिंदूपेक्षा चांगली जागा त्या रेषेवर असूच शकत नाही. तिचे भिंतीपासूनचे अंतर किती? स्पर्शिका आणि छेदिका यांचे प्रमेय सांगते की स्पर्शिकेच्या लांबीचा वर्ग म्हणजे छेदिकेच्या दोन भागांचा गुणाकार. पुन्हा x² = ab. इथे एकही आर्कटॅन लागला नाही.

पाठ्यपुस्तकातले उत्तर इथे संपते. ते घेऊन चित्रापुढे उभे राहिले, की त्यातली एक गंमत लक्षात येते. २ मीटरवरचे दोन उन्नत कोन पाहा. वरच्या कडेचा ६३.४, खालच्या कडेचा २६.६. बेरीज नेमकी ९०. हा योगायोग नाही. x² = ab असले की b/x आणि a/x ही गुणोत्तरे एकमेकांची उलट होतात, आणि ज्यांचे टॅन एकमेकांचे व्यस्त असतात ते कोन एकमेकांचे कोटिकोन असतात. म्हणजे चित्र कोणतेही असो, कितीही उंच टांगलेले असो, या ‘सर्वोत्तम’ ठिकाणी दोन्ही कडांच्या उन्नत कोनांची बेरीज ९० अंशच भरणार, आणि नजरेचा मध्य बरोबर ४५ अंशांवर येणार.

आपण ज्याला सर्वांत चांगली जागा म्हणतो, ती दर वेळी मान ४५ अंश वर करायला लावणारी जागा आहे. अशी मान धरून पाच मिनिटे उभे राहून बघा, चित्राऐवजी मानच आठवत राहील.

ही मान तर दुखतेच, शिवाय चित्राचा आकारही बिघडतो. २ मीटरवरून आपल्या चित्राचा खालचा दीड मीटरचा अर्धा भाग २४.८ अंश व्यापतो आणि वरचा तेवढाच अर्धा भाग फक्त १२.१ अंश. प्रत्यक्षात सारखे असलेले दोन भाग, त्यांतला खालचा वरच्याच्या दुप्पट दिसतो. उभ्या माणसाचे चित्र असेल तर पाय ठसठशीत आणि डोके चिमुकले. दर्शनकोन सर्वांत मोठा झाला खरा, पण ती वाढ जवळजवळ सगळी खालच्या भागाने खाल्ली.

मग थोडे मागे सरकले तर काय गमावतो? फार काही नाही. शिखराजवळ कोणत्याही वक्राचा माथा सपाट असतो. दीड मीटरपासून २.६७ मीटरपर्यंत कुठेही उभे राहा, दर्शनकोन शिखरापेक्षा जास्तीत जास्त तीन टक्क्यांनी कमी पडतो. ३ मीटरवर गेलो, म्हणजे अंतर दीडपट केले, तर कोन ३६.९ वरून ३४.७ वर येतो, सुमारे सहा टक्के घट. नजरेचा मध्य मात्र ४५ वरून ३६ अंशांवर उतरतो. दुप्पट अंतरावर, ४ मीटरवर, कोन ३१ अंश राहतो, सोळा टक्के घट, आणि नजर ३० अंशांच्याही खाली येते. तिथून खालचा अर्धा भाग १८ अंश आणि वरचा १३ अंश दिसतो. आकार पुष्कळच सावरला.

यात एक आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. वरचा अर्धा भाग २ मीटरवरून १२.१ अंश दिसत होता, ४ मीटरवरून तो १३ अंश दिसतो. मागे गेल्यावर तो मोठा झाला! कारण त्या भागाचे स्वतःचे वेगळे गणित आहे. त्याची खालची कडा डोळ्यांपासून अडीच मीटर वर, वरची ४ मीटर वर. भूमितीमध्य ३.१६ मीटर. खालच्या अर्ध्या भागाचा भूमितीमध्य मात्र १.५८ मीटर. चित्राच्या प्रत्येक आडव्या पट्ट्याला आपापले सर्वोत्तम अंतर असते, आणि पट्टा जितका वरचा तितके ते अंतर मोठे. संपूर्ण चित्रासाठी निघालेले २ मीटर हा या सगळ्यांच्या भांडणातला समेट आहे.

समीकरणात आणखी एक जोडी लपलेली आहे. १ मीटरवर आणि ४ मीटरवर दर्शनकोन तोच होता, ३१ अंश. ज्या दोन अंतरांचा गुणाकार ab इतका येतो, त्या दोन्ही ठिकाणांहून चित्र सारखेच मोठे दिसते. म्हणून शिखराच्या अलीकडे, भिंतीजवळ, उभे राहण्यात काहीच फायदा नसतो. तेवढाच कोन पलीकडच्या जोडीदार ठिकाणाहूनही मिळतो, आणि तिथे मान सरळ राहते. १ मीटरवर नजर ६०.५ अंश वर जाते, ४ मीटरवर २९.५.

आता खरेखुरे चित्र घेऊ. व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे या बेटावरील मठाच्या भोजनगृहासाठी पाओलो व्हेरोनेसे याने १५६२-६३ मध्ये ‘काना येथील विवाहभोज’ हे चित्र रंगवले. ६.७७ मीटर उंच आणि ९.९४ मीटर रुंद. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते पॅरिसला नेले. आज ते लूव्र संग्रहालयात ‘मोनालिसा’च्या समोरच्या भिंतीवर आहे, आणि भोजनगृहातल्या मूळ जागी २००७ मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती बसवली गेली. भोजनगृहातले असे चित्र बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या बरेच वर लावतात, म्हणून हिशेबासाठी खालची कडा जमिनीपासून अडीच मीटरवर आणि बघणाऱ्याचे डोळे दीड मीटरवर धरू.

मग a म्हणजे १ मीटर, b म्हणजे ७.७७ मीटर, आणि भूमितीमध्य सुमारे २.८ मीटर. जवळजवळ सात मीटर उंच चित्रासमोर सूत्र आपल्याला पावणेतीन मीटरवर उभे करते. दर्शनकोन ५०.५ अंश भरतो, यापेक्षा मोठा तो होऊच शकत नाही. पण तिथून वरची कडा ७० अंशांवर असते. खालचा अर्धा भाग ३८ अंश दिसतो आणि वरचा जेमतेम १३, म्हणजे तिपटीचा फरक. या चित्रात खाली लांबलचक पंगत, मध्यभागी ख्रिस्त आणि वाजंत्री आहेत, आणि वर खांबांच्या इमारती व मोकळे आकाश. २.८ मीटरवरून पंगत अंगावर येईल आणि आकाश दबून जाईल. शिवाय रुंदी १२१ अंश पसरेल. तेवढी मान न हलवता नजरेत मावत नाही, त्यामुळे उभ्या दिशेत मिळवलेला कोन आडव्या दिशेत वाया जातो.

७ मीटरवर गेलो तर दर्शनकोन ४० अंश राहतो आणि नजर २८ अंशांवर येते. १० मीटरवर तो ३२ अंश, नजरेचा मध्य २२ अंशांवर, खालचा भाग १८ आणि वरचा १४ अंश, रुंदी ५३ अंश. दर्शनकोन शिखराच्या दोन तृतीयांशापेक्षा किंचित कमी झाला, पण चित्राचे वरचे-खालचे भाग एकमेकांच्या प्रमाणात आले आणि सगळा पट एका नजरेत बसला. एवढ्या उंच चित्रासाठी सूत्राने दिलेले अंतर ही अलीकडची मर्यादा समजायची. त्याच्या आत जायचे नाही, बाहेर मात्र दुपटी-तिपटीपर्यंत मोकळेपणाने हिंडायचे.

हे सूत्र वापरताना लोक बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. उंची डोळ्यांपासून मोजायची असते, ती जमिनीपासून मोजली जाते. आपल्या पहिल्या चित्राच्या कडा जमिनीपासून २.५ आणि ५.५ मीटरवर होत्या. त्यांचा भूमितीमध्य काढला तर ३.७ मीटर येतो, २ मीटरऐवजी. चूक ओळखायची खूण वर आलीच आहे. त्या ठिकाणाहून दोन्ही कडांचे उन्नत कोन काढून बेरीज करा. ९० आली पाहिजे. ३.७ मीटरवरून ती ६२ येते, म्हणजे कुठेतरी घसरलो. याच कारणाने उत्तर माणसागणिक बदलते. डोळे १ मीटरवर असलेल्या मुलासाठी त्याच चित्राच्या कडा दीड आणि साडेचार मीटर वर असतात, म्हणून त्याला २.६ मीटरवर उभे राहावे लागते. लहान मूल बापाच्या मागे उभे राहिले तर त्याचे बरोबर असते.

दुसरी अडचण अशी की पुष्कळदा हे सूत्र लागूच पडत नाही. संग्रहालयांत आणि कलादालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवण्याचा रिवाज आहे, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास. तिथे खालची कडा डोळ्यांच्या खाली जाते. a ऋण होतो, ऋण गुणाकाराचे वर्गमूळ निघत नाही, आणि गणित तुम्हाला गप्प करते. त्याचे म्हणणे बरोबरच असते. आता वजाबाकीची बेरीज झालेली असते. एक कोन डोळ्यांच्या वर, एक खाली, आणि जवळ जाल तसे दोन्ही वाढतच जातात. शिखर असे काही उरत नाही. चित्राला नाक लावले की दर्शनकोन १८० अंशांकडे जातो, आणि दिसत मात्र काहीच नाही. किती जवळ जायचे हे तिथे डोळ्याची जवळचे स्पष्ट पाहण्याची ताकद, रंगाच्या फटकाऱ्यांचा पोत आणि संग्रहालयाने आडवी लावलेली दोरी ठरवते, आर्कटॅन नव्हे.

तिसरी गोष्ट प्रश्नाच्या शब्दांतच आहे. आपण फक्त उभा कोन मोठा करत होतो. चित्राने नजरेतले क्षेत्र जास्तीत जास्त व्यापावे असे म्हटले, तर रुंदीही हिशेबात धरावी लागते, आणि रुंदीचा कोन जवळ गेल्यावर वाढतच जातो. उत्तर मग भिंतीकडे सरकते. ३ मीटर उंच पण अगदी अरुंद अशा पट्टचित्रासाठी ते २ मीटरवरून सुमारे १.१ मीटरवर येते. मानेचे हाल अर्थात वाढतात. ‘सर्वोत्तम’ कशासाठी, हे प्रश्न विचारणाऱ्याने सांगायचे असते, सूत्राला ते कळत नाही.

बघणाऱ्याने पुढे-मागे सरकण्याऐवजी चित्रालाच वळवायचे, हा उपाय आपल्याकडच्या जुन्या घरांतून सर्रास दिसतो. दाराच्या वर ओळीने लावलेले आजोबा-पणजोबांचे आणि देवांचे फोटो भिंतीला सपाट नसतात. खालची कडा खिळ्यांवर टेकवलेली आणि वरची दोरीने पुढे झुकवलेली असते. त्यामागे हिशेब आहे, आणि तो त्याच वर्तुळाने करता येतो. चित्राची रेषा खाली वाढवत न्यायची. ती डोळ्यांच्या पातळीला भिंतीच्या थोडी मागे भेटते. त्या भेटीच्या बिंदूपासून दोन्ही कडांची तिरपी अंतरे मोजून त्यांचा भूमितीमध्य काढायचा, आणि तेवढे अंतर त्याच बिंदूपासून पुढे मोजायचे.

६० सेंटिमीटर उंचीचा फोटो, त्याची खालची कडा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटर वर. सपाट लावला तर शिखर ८५ सेंटिमीटरवर आणि दर्शनकोन १९.५ अंश. तोच १५ अंश पुढे झुकवला तर शिखर ७१ सेंटिमीटरवर येते आणि कोन २४.६ अंश होतो. माजघरात नेहमीच्या २ मीटर अंतरावर उभे राहणाऱ्यालाही १४.३ ऐवजी १५.९ अंश मिळतात. त्याहून मोठा फायदा म्हणजे वरचा भाग पुढे येतो, म्हणून आखडत नाही, आणि पणजोबांचे डोके त्यांच्या खांद्यांच्या मानाने योग्य तेवढेच दिसते. व्हेरोनेसेचे चित्र असे झुकवता येत नाही, ते भिंतीएवढे आहे. तिथे मागे सरकण्यावाचून इलाज नाही. घरातल्या फोटोला मात्र एक हात दोरी पुरते.